पहिल्या सिगारेटची किक आदल्या रात्रीच ठरते

*डॉक्टर, मी सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. वय ३४. दिवसाला नऊ सिगारेटी होतात, साधारण दर दोन तासांनी एक. सकाळी सहाला उठलो की वीस मिनिटांत चहाबरोबर पहिली. ती ओढली की डोकं गरगरतं, हातपाय हलके होतात, छातीत धडधडतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. नंतरच्या आठांत तसं काहीच होत नाही. ब्रँड तोच. परवा सप्तशृंगी गडावर गेलो होतो, सकाळपासून एकही ओढली नव्हती. दुपारी नांदुरीत उतरल्यावर पेटवली, तर रोजच्या सकाळपेक्षा जोरात किक बसली. असं का होतं? मित्र म्हणतो, सोडायची असेल तर सकाळची एक ठेव, बाकीच्या बंद कर. ते बरोबर आहे का?*
*— एक वाचक, नाशिक*

नांदुरीचं लिहिलंत ते फार बरं झालं, कारण तुमचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्या दिवशी किक दुपारी बसली. म्हणजे तिचा सकाळशी थेट संबंध नाही, मधे किती तास सिगारेट नव्हती याच्याशी आहे. रोजच्या दिवसात सगळ्यांत मोठा खंड झोपेचा असतो, म्हणून ती सकाळच्या वाट्याला येते. गडाच्या दिवशी खंड आणखी लांबला आणि किकही वाढली.

आता हे शरीरात कसं घडतं ते सावकाश सांगतो.

एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण दहा ते चौदा मिलिग्रॅम निकोटीन असतं. त्यातलं बरंचसं जळून जातं किंवा हवेत जातं. तुमच्या रक्तात पोचतं ते एक ते दीड मिलिग्रॅम. हे निकोटीन रक्तातून बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृत करतं, आणि त्याची रीत अशी की ते दर तासाला ठरावीक मिलिग्रॅम काढत नाही. रक्तात जेवढं असेल त्याचा ठरावीक हिस्सा काढतं. तळाशी भोक पडलेला रांजण जसा भरलेला असताना जोरात गळतो आणि पाणी खाली गेलं की थेंब थेंब गळतो, तसं. निकोटीनच्या बाबतीत रक्तातली पातळी निम्मी व्हायला सरासरी दोन तास लागतात. यालाच अर्धायुष्य म्हणतात. दोन तासांनी निम्मं, चार तासांनी पाव, सहा तासांनी दोन आणे.

या आकड्यावर तुमचा दिवस मांडून पाहू. तुम्ही दर दोन तासांनी ओढता, त्यामुळे हिशेब सोपा जातो. रक्तातलं निकोटीन एका मिलिलीटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक सिगारेट ही पातळी किती वाढवते ते माणसागणिक आणि झुरक्यांगणिक बदलतं. पाचपासून तीसपर्यंत काहीही असू शकतं. आपण दहा धरू.

सकाळी सहाच्या सुमारास तुमच्या रक्तात जेमतेम एक आहे. पहिली सिगारेट ओढलीत, पातळी अकरावर गेली. आठ वाजेपर्यंत ती साडेपाचवर आली आणि तुम्ही दुसरी पेटवलीत, पातळी साडेपंधरा. दहा वाजता त्यातले पावणेआठ उरलेत, तिसरीने पावणेअठरा. बारा वाजता नऊ उरतात, चौथीने एकोणीस. दुपारी दोनच्या सिगारेटनंतर तुम्ही साडेएकोणीसच्या आसपास असता, आणि तिथून पुढे रात्रीपर्यंत गाडी तिथेच फिरते. दहावर उतरायचं, विसावर चढायचं, परत दहावर. जेवढं आत येतं तेवढंच दोन तासांत बाहेर जातं, म्हणून पातळी आणखी वर चढत नाही. प्रयोगशाळेत सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्त दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तपासलं, तेव्हाही हाच आकार दिसला. सहा ते आठ तास पातळी चढत जाते आणि दुपारनंतर एका पट्ट्यात स्थिरावते. रोज ओढणाऱ्या बहुतेकांची दुपारची पातळी दहा ते पन्नास यांच्या मधे कुठेतरी सापडते.

रात्री दहाला तुम्ही शेवटची ओढता, तेव्हा वीस असतात. बारा वाजता दहा, दोन वाजता पाच, चारला अडीच, सहाला सव्वा. प्रत्यक्षात सकाळी याहून थोडं जास्त सापडतं, कारण दिवसभर स्नायूंत आणि इतर पेशींत शिरलेलं निकोटीन रात्री हळूहळू परत रक्तात येत राहतं. तरी आदल्या रात्रीच्या मानाने रक्त जवळजवळ रिकामंच झालेलं असतं. सकाळच्या सिगारेटने पातळी एकावरून अकरावर नेली. संध्याकाळी सहाच्या सिगारेटने ती दहावरून वीसवर नेली. भर तेवढीच पडली, पण पहिल्या वेळी पातळी दहापटीने वाढली आणि दुसऱ्या वेळी दुप्पट झाली.

म्हणून एक गैरसमज आधी दूर करतो. पुष्कळांना वाटतं, सकाळी किक बसते म्हणजे तेव्हा निकोटीन जास्त असतं. उलट आहे. तुमच्या नऊ सिगारेटींपैकी सगळ्यांत कमी पातळी पहिलीनंतरच असते. संध्याकाळी ज्या सिगारेटने तुम्हाला काहीच जाणवत नाही, तिच्यानंतर रक्तात सकाळच्या जवळपास दुप्पट निकोटीन असतं.

मग जाणवतं कमी का? इथे रक्त सोडून मेंदूत जावं लागतं.

झुरका घेतला की धुरातलं निकोटीन फुफ्फुसात रक्तात मिसळतं, तिथून हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून थेट मेंदूला. वाटेत यकृत लागत नाही. एवढ्या प्रवासाला दहा ते वीस सेकंद पुरतात. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतल्या रक्तात त्या क्षणी निकोटीनची जी लाट असते ती दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्तापेक्षा कितीतरी उंच असते. वर मांडलेले आकडे शिरेतल्या रक्ताचे आहेत, हे लक्षात ठेवा.

मेंदूत या निकोटीनसाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निकोटीन तिथे बसलं की पेशी चेतते आणि पुढे डोपामीन सुटतं; तुम्ही ज्याला बरं वाटणं म्हणता त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण हे रिसेप्टर एकदा चेतले की लगेच सुस्त पडतात. निकोटीन समोर असलं तरी काही काळ प्रतिसादच देत नाहीत. रक्तात निकोटीन टिकून आहे तोवर त्यातले बरेचसे सुस्तच राहतात. लॉस एंजेलिसमध्ये आर्थर ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मेंदूची छायाचित्रं घेऊन हे मोजलं. एका पूर्ण सिगारेटने या जातीच्या मुख्य रिसेप्टरांपैकी जवळपास ८८ टक्के व्यापले गेले होते, आणि एकदोन झुरक्यांनीही निम्मे भरले होते. दिवसभर दर दोन तासांनी ओढणाऱ्या माणसाच्या मेंदूत मोकळी आणि ताजी जागा फारशी उरतच नाही, ती यामुळे.

रात्री आठ तास निकोटीन येत नाही. रिसेप्टर एकेक करून मोकळे होतात आणि परत प्रतिसाद द्यायला तयार होतात. त्यात एक गोष्ट आणखी. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या रिसेप्टरांची संख्याच वाढलेली असते. म्हणजे सकाळी सहा वाजता तुमच्या डोक्यात न ओढणाऱ्या माणसापेक्षा जास्त रिसेप्टर, सगळे रिकामे, सगळे तयार. तलफ येते ती याच अवस्थेमुळे आणि किक बसते तीही याच अवस्थेमुळे. पहिल्या पाचसात झुरक्यांत ते एकदम चेततात. तुमची सिगारेट संपेपर्यंत त्यातले बरेच परत सुस्त झालेले असतात, आणि तुमचा पुढचा सगळा दिवस त्या सुस्तीत जातो.

छातीतल्या धडधडीचंही असंच आहे. निकोटीनमुळे ॲड्रेनॅलीन सुटतं, नाडी वाढते, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शरीर याला काही मिनिटांतच सरावायला लागतं. नाडी सर्वांत जास्त उसळते ती पहिल्या सिगारेटला. दुपारच्या सिगारेटला ती थोडी वर असते पण उसळी दिसत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी स्वतःच तपासून पाहा. सकाळी पेटवायच्या आधी बसून एक मिनिट नाडी मोजा, संपल्यावर परत मोजा, आणि संध्याकाळच्या सिगारेटला तेच करा. दोन्ही वेळा त्याआधी अर्धा तास चहा घेऊ नका, नाहीतर चहाची धडधड सिगारेटच्या नावावर जमा होईल.

आता तुमच्या त्या ‘बरं वाटतं’बद्दल, कारण मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, हे झोप अपुरी झाल्याने होतं असं तुम्ही धरून चालत असाल. यातला बराचसा भाग निकोटीन उतरल्याचा आहे. पहिली सिगारेट तो त्रास मिनिटभरात घालवते. ज्याने कधीच ओढली नाही तो माणूस सहा वाजता ज्या अवस्थेत उठतो, तिथपर्यंत तुम्ही साडेसहाला सिगारेट ओढून पोचता. त्यावर थोडं सुख असतं, नाही असं नाही, पण मोठा वाटा सुटकेचा असतो.

दोन तास ही सरासरी आहे हेही सांगायला हवं. निकोटीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम, त्याचं नाव सीवायपी२ए६, सगळ्यांत सारख्या जोराचं नसतं. काहींचं निकोटीन तासाभरातच निम्मं होतं, काहींना तीनचार तास लागतात. तुमच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस रात्री तुमच्याएवढ्याच ओढून सकाळी नाश्ता होईपर्यंत आरामात राहत असेल, तर त्याच्या मनोबलाचं कौतुक करण्याआधी हे लक्षात घ्या की त्याच्या रक्तात सकाळीही पाचसात नॅनोग्रॅम शिल्लक असू शकतं. बायकांमध्ये हे काम पुरुषांपेक्षा थोडं वेगाने होतं, गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आणखी वेगाने. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त वाहतं आणि तासभर निकोटीन नेहमीपेक्षा जलद निघून जातं. डबा खाल्ल्यावर तलफ येते तिला सवय हे कारण आहेच, पण थोडं कारण हेही आहे.

आता मित्राचा सल्ला. हेतू चांगला आहे, पण मी तुम्हाला तसं करू नका असंच सांगेन, आणि का ते वरच्याच हिशेबातून दाखवतो.

समजा तुम्ही नऊवरून तीनवर आलात. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दोन सिगारेटींमध्ये आठ तास. आठ तासांत रक्त रिकामं होतं, हे आपण पाहिलं. म्हणजे दुपारी दोनची सिगारेट आता रिकाम्या रक्तात आणि ताज्या रिसेप्टरांवर येणार, आणि रात्री दहाचीही. आज तुम्हाला दिवसात एक किक बसते. उद्या तीन बसतील. उरलेली प्रत्येक सिगारेट नांदुरीसारखी होईल. मेंदू शिकतो ते अशा जोरदार अनुभवातून, त्यामुळे तुम्ही सिगारेटी कमी करत असताना प्रत्येकीची ओढ वाढवत जाता. आणि एकच ठेवायची म्हटलं तर तीच ठेवायची का, जिच्यात आठ तासांची सुटका आणि किक दोन्ही आहेत? बाकीच्या आठ परत येतात त्या याच दारातून.

दुसरी अडचण झुरक्यांची. माणूस संख्या कमी करतो, पण शरीर आपली सवयीची पातळी सोडत नाही. झुरके खोल होतात, धूर जास्त वेळ आत धरला जातो, सिगारेट पार फिल्टरपर्यंत ओढली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नील बेनोविट्झ यांनी १९८६ साली हे मोजून दाखवलं. दिवसाला सरासरी ३७ सिगारेटी ओढणाऱ्यांना पाचवर आणलं, तेव्हा प्रत्येक सिगारेटमधून शरीरात जाणारी घाण सुमारे तिप्पट झाली. सिगारेटी सातआठपटीने कमी होऊनही दिवसभराचा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फक्त निम्म्यावर आला. ‘लाइट’ किंवा छोट्या सिगारेटने फायदा होत नाही तो याच कारणाने.

तेव्हा सोडायची असेल तर त्या रात्रीच्या खड्ड्याचंच काहीतरी करावं लागतं. सकाळी रक्त रिकामं नसेल तर तलफेचा जोर कमी राहतो, आणि चुकून सिगारेट ओढली गेलीच तरी ती फिकी लागते. यासाठी निकोटीनचे पॅच आणि गम आहेत. त्यांत धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड नाही. फक्त निकोटीन, आणि तेही सावकाश.

पॅचमधून कातडीवाटे दिवसभर थोडं थोडं निकोटीन येतं, म्हणून रक्तातली पातळी जवळजवळ सपाट राहते. दहावरून वीसवर आणि परत, हा खेळ थांबतो. भारतात २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचे पॅच मिळतात. दिवसाला दहा किंवा त्याहून कमी ओढणाऱ्याला सहसा १४ ने सुरुवात करतात, सहा आठवडे, मग दोन आठवडे ७. तुमची संख्या नऊ आहे, पण उठल्यावर वीस मिनिटांत ओढता. कार्ल फॅगरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने एक चाचणी जगभर वापरतात, तिच्यात पहिली सिगारेट उठल्यापासून किती मिनिटांत, या प्रश्नाला मोठं वजन आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण, अर्ध्या तासाच्या आत असेल तर दोन. संख्या कमी दिसली तरी अवलंबित्व कमी असेलच असं नाही, हे तिच्यामुळे कळतं. म्हणून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, दुकानातून अंदाजाने नको.

पॅच रात्रीही ठेवला तर सकाळचा खड्डा पडतच नाही. त्रास एवढाच की काहींना चित्रविचित्र स्वप्नं पडतात किंवा झोप मोडते. तसं झालं तर झोपताना काढा आणि सकाळी उठल्याबरोबर नवा लावा. पण नवा पॅच लावल्यावर पातळी चढायला काही तास जातात, आणि तुमची तलफ तर वीस मिनिटांत उभी राहते. ही मधली वेळ गमने भरून काढायची.

गमचं जरा नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम सुचवतात, बाकीच्यांना २ चा. तो नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही. हळूहळू दहाबारा वेळा चावा. तिखटसर, झिणझिणणारी चव आली की थांबा, आणि गम गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. चव गेली की परत थोडा चावा, जागा बदलून ठेवा. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलात तर ते थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात, आणि मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच बरंचसं मोडून जातं. वर उचक्या, घशात जळजळ आणि ॲसिडिटी. गमने काहीच झालं नाही, उलट त्रास झाला असं जे सांगतात, त्यांना मी आधी चावून दाखवायला सांगतो.

आणि चहा. तोंड आंबट झालं की निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. म्हणून कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, फळांचे रस गमच्या पंधरा मिनिटं आधीपासून वर्ज्य, आणि मी चहाही त्यातच धरायला सांगतो. तुमचा सकाळचा क्रम त्यासाठी बदलावा लागेल. उठलात की चूळ भरा, पॅच लावा, गम तोंडात टाका. आंघोळ, दाढी त्या अर्ध्या तासात उरका. चहा त्यानंतर. गमचं निकोटीन रक्तात पुरतं चढायला वीसतीस मिनिटं लागतात, सिगारेटसारखी दहा सेकंदांत लाट येणार नाही. किक बसणारच नाही. ती बसू नये हाच तर हेतू आहे, म्हणून पहिल्याच दिवशी ‘याने काही होत नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

मात्रा बरोबर आहे का ते आठवड्याभरात कळतं. सकाळची तलफ पूर्वीइतकीच आणि दिवसभर चिडचिड असेल तर कमी पडतेय. मळमळ, डोकेदुखी, धडधड होत असेल तर जास्त होतेय. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. कारखान्यात धूर नको म्हणून मळलेली तंबाखू सुरू करणारे पुष्कळ भेटतात. तिच्यातल्या चुन्यामुळे निकोटीन तोंडातून चांगलं शोषलं जातं आणि रक्तातली पातळी सिगारेटपेक्षा जास्त वेळ टिकते, म्हणून तलफ शमते खरी. पण निकोटीन तेच, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळा. त्या वाटेला जाऊ नका.

सिगारेट आणि पॅच, गम सगळंच बंद झाल्यावर रक्तातलं निकोटीन दीडदोन दिवसांत संपतं. सगळ्यांत कठीण पहिले तीनचार दिवस. वाढलेले रिसेप्टर मात्र कमी व्हायला कित्येक आठवडे घेतात. आठ दिवस न ओढता राहिलेल्या माणसाने लग्नात ‘एकच’ म्हणून पेटवली तर ती डोकं फिरवून टाकते, आणि त्याला वाटतं की बघ, मला याची किती गरज होती. गरज वाढलेली नसते. रक्त रिकामं असतं आणि रिसेप्टर अजून उतरलेले नसतात. असं झालं तर पॅच चालू असेल तो तसाच ठेवा आणि पुढची पेटवू नका, एवढंच. पॅच, गम चालत नसतील तर व्हॅरेनिक्लीनसारखी गोळी आहे, ती याच रिसेप्टरांवर अर्धवट काम करते; पण ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. किकमधली धडधड दहापंधरा मिनिटांत ओसरते. छातीत आवळल्यासारखं होणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, दरदरून घाम, डोळ्यांसमोर अंधारी, यातलं काहीही झालं तर ती किक समजू नका आणि त्याच वेळी इसीजी काढून घ्या. चौतिशीत हार्ट ॲटॅक येत नाही असं नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्यात तो लवकर येतो. सिगारेटनंतर गरगरत असेल तर ते थांबेपर्यंत गाडीला किक मारू नका, मशीनवर उभं राहू नका.

मात्रा ठरवायला आणि पाठपुराव्याला जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठीच्या समुपदेशनाची चौकशी करा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. बोलताना तुमच्या पाळीच्या वेळा जरूर सांगा. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही दुपारी दोनतीनला उठत असाल, तर आठ तासांचा खंड तेव्हा संपतो, आणि पॅच बदलणं, गम, चहा हा सगळा क्रम त्या आठवड्यापुरता दुपारी न्यावा लागेल.